इंग्वायनल कॅनॉलच्या भिंती, आणि हर्निया डायरेक्ट की इनडायरेक्ट ते कशावरून ठरवायचं

प्रश्न: मॅडम, मी फर्स्ट इयर एमबीबीएसला आहे. इंग्वायनल कॅनॉलच्या बाउंडरीज पाठ करते पण व्हायव्हात अँटिरियर आणि पोस्टिरियर वॉल उलट सांगून मोकळी होते. आणि प्रश्नात केस दिली की डायरेक्ट का इनडायरेक्ट ते मी वय बघून ठोकते, निम्म्या वेळा चुकतं. नक्की कशावरून ठरवायचं?

उत्तर:

आधी एक आर्टरी डोक्यात पक्की बसव, इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक. निकाल तीच देते. वय, गोळ्याचा साइज, किती वर्षांपासून आहे, हे सगळं फक्त अंदाज बांधायला. सॅकची मान, म्हणजे नेक, त्या आर्टरीच्या लॅटरलला असेल तर इनडायरेक्ट आणि मीडियलला असेल तर डायरेक्ट, बस. मुलं 'एमडीज डोन्ट लाय' असं पाठ करतात, मीडियल डायरेक्ट, लॅटरल इनडायरेक्ट, ते चांगलं आहे, करच पाठ. पण असं का, हे कळलं की ती ओळ परीक्षेत विसरली तरी अडत नाही, आणि ते 'का' कॅनॉलच्या भिंतींमध्येच आहे, म्हणून तुझे दोन्ही प्रश्न मी एकत्रच घेते.

आत्ता वाचता वाचता स्वतःच्या अंगावर हात ठेव. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक लागतं ते अँटिरियर सुपिरियर इलियाक स्पाइन. खाली मधल्या रेषेच्या थोडंसं बाजूला प्युबिक ट्युबरकल. या दोघांमध्ये ताणलेलं इंग्वायनल लिगामेंट. त्या लिगामेंटच्या बरोबर मध्यावर, साधारण १.२५ सेंटीमीटर वर, डीप रिंग. तिथून खाली, पुढे आणि मधल्या रेषेकडे तिरका जाणारा सुमारे ४ सेंटीमीटरचा रस्ता म्हणजे कॅनॉल, आणि तो ट्युबरकलच्या जवळ सुपरफिशियल रिंगमधून बाहेर पडतो. म्हणजे कॅनॉल लिगामेंटच्या फक्त मीडियल अर्ध्या भागाच्या वरच आहे, पूर्ण लांबीवर नाही, आकृती काढताना बरेच जण तो पार इलियाक स्पाइनपर्यंत ओढतात.

परकराचा नेफा डोळ्यासमोर आण. एका भोकातून नाडी आत गेली, दुसऱ्यातून बाहेर आली, पुढे एक कापड, मागे एक कापड. नाडी म्हणजे स्पर्मॅटिक कॉर्ड, बायकांमध्ये राउंड लिगामेंट. आता नेफ्यात काही घुसायचं तर दोनच वाटा. एक तर नाडीच्याच भोकातून नाडीसोबत घुसायचं, नाहीतर मागचं कापड विरलंय तिथे रेटा देऊन फुगवटा काढायचा. पहिला इनडायरेक्ट, दुसरा डायरेक्ट.

आता भिंती. तुझी अँटिरियर पोस्टिरियर उलट होते त्याचं कारण माझ्या मते हे की तू चार भिंतींची चार वेगळी खाती उघडून त्यात नावं भरतेस. तसं नको करू. एकच मसल पकड, इंटर्नल ऑब्लिक, आणि त्याच्या मागे मागे जा. तो इंग्वायनल लिगामेंटच्या लॅटरल दोन तृतीयांश भागातून निघतो असं आपण शिकवतो. म्हणजे डीप रिंगच्या लॅटरलला तर तो आहेच पण रिंगच्या समोरही त्याचे फायबर्स आहेत. म्हणून लॅटरल भागात तो अँटिरियर वॉलमध्ये येतो. मग तेच फायबर्स कॉर्डच्या वरून कमानीसारखे वळतात, तिथे ते रूफ झाले. आणि वळून खाली मागे जाऊन ट्रान्सव्हर्ससच्या फायबर्सना मिळतात आणि कंजॉइंट टेंडन म्हणून प्युबिक क्रेस्ट आणि पेक्टिनियल लाइनला चिकटतात, तिथे ते कॉर्डच्या मागे आहेत, म्हणजे पोस्टिरियर वॉल. एकच मसल, पुढे, वर, मागे. हे एकदा हाताने हवेत काढून बघ, पुन्हा उलट होणार नाही.

ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस लिगामेंटच्या फक्त लॅटरल एक तृतीयांशातून निघतो, त्याच्यामुळे तो डीप रिंगच्या समोर येतच नाही. म्हणून अँटिरियर वॉलमध्ये तो नाही, फक्त रूफ आणि कंजॉइंट टेंडनमध्ये आहे. व्हायव्हात 'अँटिरियर वॉल सांग' म्हटलं की मुलं तिन्ही मसल धडाधडा सांगतात आणि एक्झामिनर तिथेच पकडतो.

बाकी राहतं ते सोपं आहे. पुढे पूर्ण लांबीभर एक्स्टर्नल ऑब्लिकचं ॲपोन्युरोसिस, त्याच्यावर स्किन आणि सुपरफिशियल फॅशिया. मागे पूर्ण लांबीभर फॅशिया ट्रान्सव्हर्सालिस, त्याच्यामागे एक्स्ट्रापेरिटोनियल टिश्यू आणि पेरिटोनियम, आणि अगदी मीडियल टोकाला इंग्वायनल लिगामेंटचा रिफ्लेक्टेड भाग. फ्लोअर म्हणजे इंग्वायनल लिगामेंटची वरची खोबणी, मीडियल टोकाला लॅक्युनर लिगामेंट.

एक गोष्ट मात्र थांबून बघ कारण हर्नियाचं सगळं इथून सुटतं. डीप रिंग हे भोक मागच्या भिंतीत आहे, फॅशिया ट्रान्सव्हर्सालिसमध्ये, आणि त्याच्या बरोबर समोर इंटर्नल ऑब्लिक उभा आहे. सुपरफिशियल रिंग हे भोक पुढच्या भिंतीत आहे, एक्स्टर्नल ऑब्लिकच्या ॲपोन्युरोसिसमध्ये, आणि त्याच्या बरोबर मागे कंजॉइंट टेंडन. म्हणजे प्रत्येक भोकाच्या समोरची भिंत जाड केलेली आहे. दोन्ही भोकं समोरासमोर नाहीत, ४ सेंटीमीटरचा तिरका फरक आहे, त्यामुळे खोकलं शिंकलं की मागची भिंत पुढच्या भिंतीवर दाबली जाते आणि कमानीचे फायबर्स ताणून शटरसारखे खाली येतात. नवजात बाळात कॅनॉल अगदी आखूड असतो, दोन्ही रिंग्ज जवळजवळ एकमेकींच्या मागेपुढे, म्हणून हे संरक्षण तिथे फारसं चालत नाही.

मग एवढं सगळं असून कमकुवत जागा उरते कुठे? दोन जागा. एक खुद्द डीप रिंग, विशेषतः प्रोसेसस व्हजायनॅलिस जन्मानंतर बंद झाली नसेल तर, कारण तेव्हा पेरिटोनियमची तयार पिशवी कॉर्डमध्ये आधीच बसलेली असते, आतडं फक्त त्यात उतरतं. दुसरी, डीप रिंग आणि कंजॉइंट टेंडन यांच्या मधला पट्टा, जिथे मागच्या भिंतीत एकट्या फॅशिया ट्रान्सव्हर्सालिसवर भिस्त आहे. आणि या दोन जागांच्या मधून, डीप रिंगच्या मीडियल कडेला अगदी लागून, वर जाते आपली इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक आर्टरी. ती एक्स्टर्नल इलियाकमधून इंग्वायनल लिगामेंटच्या जरा वर निघते आणि तिरकी वर मीडियलला रेक्टसच्या मागे जाते. म्हणून ती सीमा आहे. कोणी ठरवलेली खूण नाही ती, तिथे खरोखर दोन वेगळ्या वाटांच्या मधे ती उभी आहे.

तिच्या मीडियलला जो त्रिकोण होतो तो हेसलबाखचा. मीडियल बाजू रेक्टस ॲब्डॉमिनिसची लॅटरल कड, लॅटरल बाजू इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक आर्टरी, खाली इंग्वायनल लिगामेंट. डायरेक्ट हर्निया या त्रिकोणातून येतो. आता यात एक फसवी गोष्ट आहे जी एमसीक्यूवाल्यांना फार आवडते. ऑब्लिटरेटेड अम्बिलिकल आर्टरी या त्रिकोणाला मधोमध छेदते, आणि पेरिटोनियमवर तिची जी घडी दिसते तिचं नाव मीडियल अम्बिलिकल फोल्ड. इन्फिरियर एपिगॅस्ट्रिकची जी घडी दिसते तिचं नाव लॅटरल अम्बिलिकल फोल्ड. लॅपरोस्कोपीचा फोटो देऊन विचारतात की हर्निया कुठल्या फोल्डच्या लॅटरलला आहे. लॅटरल फोल्डच्या लॅटरलला असेल तर इनडायरेक्ट. मीडियल फोल्डच्या लॅटरलला पण लॅटरल फोल्डच्या मीडियलला असेल तर तो डायरेक्टच आहे, नावातलं 'लॅटरल' वाचून घाई करू नकोस.

कव्हरिंग्ज वेगळी पाठ करायची गरजच नाही. सॅक कुठून कुठे गेली ते चालत जा आणि वाटेत जे जे अंगावर चढलं ते मोज. इनडायरेक्ट डीप रिंगमधून कॉर्डच्या आत शिरली, म्हणजे कॉर्डला जे तीन आवरणं आहेत ती तिन्ही मिळणार: डीप रिंगपाशी फॅशिया ट्रान्सव्हर्सालिसपासून बनलेला इंटर्नल स्पर्मॅटिक फॅशिया, मग इंटर्नल ऑब्लिकपासून क्रिमॅस्टर, मग सुपरफिशियल रिंगपाशी एक्स्टर्नल ऑब्लिकपासून एक्स्टर्नल स्पर्मॅटिक फॅशिया. डायरेक्ट डीप रिंगमधून गेलीच नाही, तर इंटर्नल स्पर्मॅटिक फॅशिया कुठून मिळणार? तिने फॅशिया ट्रान्सव्हर्सालिसच पुढे ढकलला, तोच तिचं आवरण. त्याच्यापुढे, त्रिकोणाच्या लॅटरल भागातून आली तर क्रिमॅस्टरिक फॅशिया आणि मीडियल भागातून आली तर कंजॉइंट टेंडन, आणि सगळ्यात बाहेर एक्स्टर्नल स्पर्मॅटिक फॅशिया. म्हणूनच ऑपरेशनमध्ये इनडायरेक्ट सॅक कॉर्ड उघडल्यावर आत, साधारण पुढच्या लॅटरल बाजूला सापडते आणि डायरेक्टचा फुगवटा कॉर्डच्या मागे, मीडियलला, कॉर्डपासून वेगळा दिसतो.

आता रिंग ऑक्लूजन टेस्ट, कारण केसमध्ये हीच दिलेली असते. पेशंटला झोपवून गोळा पूर्ण आत घालायचा, मग डीप रिंगवर अंगठा दाबून धरायचा, उभं करायचं, खोकायला सांगायचं. अंगठ्याच्या मीडियलला गोळा आला तर डायरेक्ट, कारण तू दार बंद केलंस तरी तो भिंतीतून आला. गोळा आला नाही आणि अंगठा काढून परत खोकल्यावर आला तर इनडायरेक्ट. गोळा आधी पूर्ण आत गेला नाही तर टेस्टला काही अर्थच नाही, हे प्रश्नात 'इरिड्युसिबल' असा शब्द टाकून तपासतात.

अंगठा नक्की कुठे ठेवायचा यावर वाद होतात ते पण सांगते. इंग्वायनल लिगामेंटचा मध्य म्हणजे इलियाक स्पाइन ते प्युबिक ट्युबरकल यांचा मध्य. मिड इंग्वायनल पॉइंट म्हणजे इलियाक स्पाइन ते प्युबिक सिम्फिसिस यांचा मध्य, तो थोडा मीडियलला पडतो आणि तिथे फिमोरल आर्टरीची पल्स लागते. काही पुस्तकं डीप रिंगसाठी दुसरा पॉइंट देतात, बहुतेक पहिला देतात. दोन्ही ऑप्शन समोर असतील तर डीप रिंगला लिगामेंटचा मध्य आणि फिमोरल पल्सला मिड इंग्वायनल पॉइंट, असं लिही. प्रत्यक्ष पेशंटवर या फरकाने निकाल फिरतो. अंगठा जास्त लॅटरलला गेला तर इनडायरेक्ट खालून निसटतो आणि तू डायरेक्ट म्हणून बसतेस. जास्त मीडियलला गेला तर डायरेक्टची जागाच दाबली जाते आणि तो इनडायरेक्ट वाटतो. शिवाय जुन्या मोठ्या इनडायरेक्टमध्ये डीप रिंग मीडियलला इतकी ताणली जाते की एका अंगठ्याने ती झाकलीच जात नाही. म्हणून वॉर्डात या टेस्टवर आम्ही डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, शेवटचं उत्तर ऑपरेशनमध्ये आर्टरी दिसल्यावर. पण प्रश्नपत्रिकेत टेस्ट नीट केली आहे असंच धरायचं.

चल एक केस सोडवू, मुद्दाम अशी जिथे तुझं वयाचं गणित फसेल. ६२ वर्षांचे गृहस्थ, जुना खोकला, उजव्या जांघेत ३ वर्षांपासून गोळा, सुरुवातीला छोटा होता आता वृषणाच्या पिशवीत उतरतो, झोपल्यावर हाताने वर आणि बाहेरच्या बाजूला ढकलला की जातो. गोळा आत घालून डीप रिंगवर अंगठा ठेवला, खोकायला लावलं, काही आलं नाही. अंगठा काढला, परत खोकले, गोळा वरून तिरका खाली उतरला. प्रश्न: सॅकची नेक कशाच्या लॅटरलला असेल, आणि सॅकचं फॅशियल आवरण आतून पहिलं कुठलं?

६२ वर्षं आणि खोकला वाचून हात डायरेक्टकडे जातो, हो ना? आता क्लू वेगवेगळे कर. वय आणि खोकला हे पोटातला दाब आणि भिंतीची झीज सांगतात, आणि दाब दोन्ही वाटांवर सारखाच पडतो, म्हणून ते फक्त झुकवतात. वृषणात उतरणं हा त्यापेक्षा वजनदार क्लू, कारण कॉर्डच्या आवरणात असलेली सॅकच कॉर्डसोबत खाली जाते, डायरेक्ट क्वचितच तिथपर्यंत पोचतो. तिरका उतरणं, वर लॅटरलला ढकलल्यावर जाणं, हे कॅनॉलची दिशा सांगतात. आणि अंगठ्याने अडणं सरळ सांगतं की वाट डीप रिंगमधूनच आहे. म्हणजे इनडायरेक्ट. नेक इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक आर्टरीच्या लॅटरलला, पहिलं फॅशियल आवरण इंटर्नल स्पर्मॅटिक फॅशिया. वय मोठं असलं तरी इनडायरेक्ट होतो, आणि एकूण सगळ्या वयांत, पुरुषांत आणि बायकांतही, इंग्वायनल हर्नियात इनडायरेक्टच जास्त. वयावरून ठोकण्यात चूक होते ती इथे, 'म्हातारपणी डायरेक्ट जास्त दिसतो' याचा अर्थ 'म्हातारा म्हणजे डायरेक्ट' असा आपण लावतो.

आता याच माणसात दोनच गोष्टी बदल. उभं राहिलं की गोळा सरळ पुढे अर्धगोल फुगतो आणि झोपलं की आपोआप जातो, आणि अंगठा ठेवूनही मीडियलला येतो. आता डायरेक्ट. प्रश्न 'कुठली भिंत कमकुवत' असा आला तर पोस्टिरियर, हेसलबाखच्या त्रिकोणातली. 'नेकच्या लॅटरलला काय लागेल' असा आला तर इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक आर्टरी. तोंड रुंद असल्यामुळे यात आतडं अडकून पिळलं जाण्याचा धोका कमी, अरुंद डीप रिंगमधून गेलेल्या इनडायरेक्टमध्ये जास्त. आणि ऑपरेशनमध्ये आर्टरीच्या दोन्ही बाजूंना सॅक सापडल्या असं लिहिलं असेल तर गोंधळू नकोस, त्याला पँटलून हर्निया म्हणतात, दोन्ही एकाच वेळी असू शकतात आणि आर्टरी मधे खोगीर मारल्यासारखी राहते.

फिमोरल हर्निया मधेच घुसवतात त्यावर एवढंच, तिथे एपिगॅस्ट्रिक आर्टरीचा विचार करायच्या आधी प्युबिक ट्युबरकल शोध. गोळ्याची नेक ट्युबरकलच्या वर आणि मीडियलला तर इंग्वायनल, खाली आणि लॅटरलला तर फिमोरल. डायरेक्ट की इनडायरेक्ट हा प्रश्न इंग्वायनल ठरल्यावरच येतो, आणि जांघेत गोळा असलेली मध्यमवयीन बाई केसमध्ये दिली असेल तर ट्युबरकलचा उल्लेख कुठे आहे तो आधी शोधायचा, कारण फिमोरल बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त दिसतो, तरी बायकांतही एकूण इंग्वायनलच जास्त, हे दोन्ही एकदम लक्षात ठेव.

व्हायव्हात इलिओइंग्वायनल नर्व्ह विचारतीलच. ती डीप रिंगमधून येत नाही, बाजूने दोन मसलच्या थरांमधून कॅनॉलमध्ये शिरते आणि सुपरफिशियल रिंगमधून बाहेर पडते. डीप रिंगमधून जे जातं त्याच्या यादीत तिला घालू नकोस, आणि आकृती काढताना तिला कॉर्डच्या बाहेर, कॉर्डच्या वरून जाताना दाखव.